कॉल अ‍ॅव्हरेज दहा

मी फार्मा कंपनीच्या मधुमेह-हृदय विभागात फर्स्ट लाइन मॅनेजर आहे. माझ्या हाताखालची एक टेरिटरी, म्हणजे एका मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हने, एमआरने, डॉक्टरांना भेटत फिरायचा भाग, बरेच महिने रिकामी होती आणि ती भरायची म्हणून एचआरने रेझ्युमे पाठवायला सुरुवात केली. येणाऱ्या प्रत्येक रेझ्युमेवर तीन शेरे लिहायचे होते: टेरिटरी कव्हरेज, डॉक्टर कॉलचं टार्गेट आणि प्रॉडक्ट कॅटेगरीची ओळख. कॉल अ‍ॅव्हरेज म्हणजे दिवसाला होणाऱ्या डॉक्टर-भेटींची सरासरी; ती अकराच्या खाली असेल तर रेझ्युमे माझ्यापर्यंत न पाठवता तिथेच बाजूला करायचा, असंही ठरलं होतं.

अकरा कुठून आला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल. रिकाम्या टेरिटरीच्या यादीत १९० डॉक्टर. त्यातले ५० कोअर, म्हणजे आमच्या औषधांचं बहुतेक प्रिस्क्रिप्शन ज्यांच्याकडून येतं ते. त्यांना महिन्यातून दोनदा भेटायचं. उरलेल्या १४० जणांना एकदा. झाले २४० कॉल. रविवार, मीटिंगा, सुट्ट्या, एखादी रजा वजा केली की महिन्यात फिल्डवर जायचे दिवस साधारण २२ उरतात. २४० भागिले २२, पावणेअकराच्या थोडं वर. म्हणून अकरा. यात गैर काही नाही. फक्त तो आकडा आमच्या यादीतून आलेला आहे आणि ज्याचा रेझ्युमे समोर आहे त्याची यादी वेगळी असते, हे एचआरच्या गाळणीला कळत नाही.

बहुतेक रेझ्युमे वाचायला वेळच लागला नाही. ‘टार्गेट ओरिएंटेड’, ‘डॉक्टरांशी उत्तम संबंध’, ‘टीममध्ये काम करण्याची तयारी’. टेरिटरी किती मोठी, यादीत किती जण, कुठल्या स्पेशालिटीचे, यातलं एक अक्षर नाही. अशा रेझ्युमेवर शेरा तरी काय लिहिणार? दोन मात्र बाजूला ठेवले. एक गाळणीतून सुखरूप खाली आला होता. दुसरा खरं तर यायलाच नको होता. एचआरमधल्या मुलीने ‘बाकी माहिती नीट दिली आहे, बघून घ्या’ असं लिहून सोबत जोडला होता. नावं घेत नाही. आमच्यात बोलताना त्यांना बारावाला आणि दहावाली अशीच नावं पडली, त्यांच्या कॉल अ‍ॅव्हरेजवरून.

बारावाल्याचा रेझ्युमे पहिल्या नजरेत आवडावा असाच होता. यादी २१० डॉक्टरांची. कॉल अ‍ॅव्हरेज १२. कव्हरेज ९८ टक्के. कोअर डॉक्टर ७०, त्यांची दोन-भेटींची फ्रीक्वेन्सी १०० टक्के. शिवाय मधुमेहाच्या औषधांत थेट काम केलेलं. टार्गेट अचीव्हमेंट ११८ टक्के.

असे आकडे आले की मी कागद-पेन घेतो. कव्हरेज म्हणजे यादीतल्या किती वेगवेगळ्या डॉक्टरांना त्या महिन्यात किमान एकदा भेटलो. २१० चे ९८ टक्के म्हणजे २०६ जण. ७० कोअर दोनदा भेटले, म्हणजे त्यांच्या ७० जास्तीच्या भेटी. २०६ अधिक ७०, एकूण २७६ कॉल. आता दुसऱ्या बाजूने या. कॉल अ‍ॅव्हरेज १२, दिवस २२, तर कॉल झाले २६४. बारा कॉल कमी पडतात. आणि यात कुणालाही तिसऱ्यांदा भेटलेलं धरलेलं नाही. ज्याला खरंच प्रिस्क्रिप्शन आणायचं असतं तो दोन-चार डॉक्टरांकडे महिन्यात तिसरी चक्कर मारतोच. २३ दिवस धरले तर २७६ बरोबर बसतात, अगदी शेवटच्या कॉलपर्यंत. म्हणून मुलाखतीत मी पहिला प्रश्न तोच विचारला: “महिन्याला फिल्डचे दिवस किती मिळतात तुम्हाला?”

“सर, एकवीस-बावीस. आमच्याकडे सायकल मीटिंग दोन दिवसांची असते.”

म्हणजे आकडे आपापसात जुळत नव्हते. इथे एक सांगून ठेवतो. आकडे जुळले नाहीत की समोरचा खोटं बोलतोय असं समजून रेझ्युमे फेकणारे मॅनेजर मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. बऱ्याचदा घोळ ‘कॉल’ कशाला म्हणायचं यातच असतो. एका कंपनीत डॉक्टरांसमोर बसून व्हिज्युअल एड उघडून डिटेलिंग केलं, म्हणजे औषधाची माहिती दिली, तरच कॉल. दुसऱ्या कंपनीत दारातून नमस्कार करून आठवण देणारं कार्ड ठेवलं तरी तो रिमाइंडर कॉल म्हणून डीसीआरमध्ये, म्हणजे रोजच्या भेटींच्या अहवालात, चढतो. म्हणून मी त्याला आदल्या आठवड्यातला कुठलाही एक दिवस सकाळपासून सांगायला लावला.

तो मोकळेपणाने सांगत गेला. सकाळी मोठ्या रुग्णालयाची ओपीडी. मेडिसिनच्या युनिटमध्ये एका कन्सल्टंटसोबत पाच रेसिडेंट डॉक्टर. सगळ्यांसमोर एकदाच उभं राहून डिटेलिंग केलं आणि डीसीआरमध्ये सहा कॉल भरले. त्यांच्या कंपनीत ग्रुप कॉल तसाच भरतात. हा नियम त्याने केलेला नव्हता. दुपारी काही नाही. संध्याकाळी सहा ते नऊ खाजगी क्लिनिक, त्यात चार डॉक्टर. शेवटी दोन रिमाइंडर. झाले बारा.

मग ९८ टक्के कव्हरेजही उलगडलं. त्याच्या २१० च्या यादीत रेसिडेंट बरेच होते आणि ते एकाच इमारतीत, एकाच वेळी भेटतात. तिथे कव्हरेज पडायला कारणच नाही. पण रेसिडेंट दर काही महिन्यांनी दुसऱ्या युनिटला जातो, तिथे काय लिहायचं ते युनिटचा प्रमुख ठरवतो, आणि रुग्णालयाच्या फार्मसीत जे औषध आहे तेच रुग्णाच्या हातात पडतं. रिकाम्या टेरिटरीत असं रुग्णालय एकही नाही. तिथले बहुतेक डॉक्टर आपापल्या क्लिनिकमध्ये एकटे बसणारे फिजिशियन आणि जनरल प्रॅक्टिशनर. एकेकाकडे अर्धा-पाऊण तास बाकावर थांबायचं, आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं मिळायची. या कामात बाराचा दिवस क्वचित निघतो.

मी त्याला आणखी एक विचारलं. “त्या महिन्यात जे चार राहिले, ते कोण?” २१० मधले फक्त चार सुटले असतील तर ते लक्षात असायला हवेत. त्याला ते आठवेनात. हे मी मुद्दाम विचारतो. जो खरंच यादीवर काम करतो त्याला झालेल्या भेटींपेक्षा हुकलेल्या जास्त आठवतात, कारण महिनाअखेरीला मॅनेजरच्या फोनवर ‘मिस्ड’च्या रकान्यापासूनच बोलणं सुरू होतं.

११८ टक्के अचीव्हमेंटचंही थोडक्यात सांगतो. ती टेरिटरी त्याच्या आधी बराच काळ रिकामी होती. रिकाम्या टेरिटरीची विक्री खाली आलेली असते, टार्गेट त्या खाली आलेल्या पायावर बसवलं जातं, आणि नवा माणूस नुसता नियमित फिरला तरी आकडा शंभराच्या वर जातो. शिवाय तो आकडा प्रायमरीचा होता, म्हणजे कंपनीकडून स्टॉकिस्टकडे गेलेल्या मालाचा. स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे किती गेला ती सेकंडरी, आणि महिनाअखेरीला स्टॉकिस्टकडे किती पडून राहिला तो क्लोजिंग. हे दोन आकडे रेझ्युमेत नसतील तर मी प्रायमरीच्या टक्केवारीवरून काहीच ठरवत नाही. त्याच्या रेझ्युमेत ते नव्हते.

दहावालीचा रेझ्युमे एका पानाचा. रंग नाहीत, फोटो नाही. मधल्या भागात हे होतं:

“यादी १८५ डॉक्टर. एचक्यू १००, एक्स-स्टेशन ३३, आउटस्टेशन ५२. फिल्ड दिवस २२, त्यातले ७ आउटस्टेशन. सरासरी एचक्यू आणि एक्स ११, आउटस्टेशन ८. एकूण कॉल २२१. कव्हरेज १६३ (८८%). कोअर ४५, त्यांपैकी दोन भेटी पूर्ण ४१.”

एचक्यू म्हणजे राहण्याचं मुख्य शहर, एक्स-स्टेशन जवळची गावं, आउटस्टेशन लांबची. खाली बारीक अक्षरात, हा एका पूर्ण महिन्याचा हिशेब आहे आणि बाकीचे महिने याच्याच आसपास आहेत, असं लिहिलं होतं.

पुन्हा कागद-पेन. १५ दिवस ११ प्रमाणे १६५. सात दिवस आठ प्रमाणे ५६. बेरीज २२१. बरोबर. भागिले २२, दहाच्या जेमतेम वर. म्हणून ती गाळणीत अडकली. आता १६३ वेगवेगळे डॉक्टर आणि २२१ कॉल, म्हणजे ५८ भेटी दुसऱ्या किंवा तिसऱ्या. ४१ कोअरच्या दुसऱ्या भेटी वजा केल्या की उरल्या १७. या १७ कुठे गेल्या? हा एकच धागा कागदावर सुटा राहिला होता.

तिला विचारलं. ती म्हणाली, “तिसऱ्या भेटी, सर. नवीन ब्रँड आला होता. ज्यांनी पहिल्यांदा लिहिला त्यांच्याकडे पंधरवड्यात परत गेले. रुग्ण परत आला का, काही तक्रार होती का, हे विचारायला.”

हे उत्तर पाठ करून देता येत नाही. पहिलं प्रिस्क्रिप्शन मिळाल्यावर डॉक्टरांकडे परत जाऊन रुग्णाचं काय झालं ते विचारायचं, हे प्रशिक्षणात सगळ्यांनाच सांगतात. करतात फार थोडे, कारण त्या चकरेने कव्हरेज वाढत नाही. तो कॉल एखाद्या न भेटलेल्या डॉक्टरांकडे घातला असता तर रेझ्युमेवरचे ८८ टक्के वर गेले असते.

मग माझा नेहमीचा प्रश्न. राहिलेले २२ कोण?

तिने बोटांवर मोजून सांगितले. नऊ जण दोन आउटस्टेशन गावांतले. तिथे टूर प्रोग्रॅमप्रमाणे महिन्यातून एकच दिवस जाणं होतं आणि त्या दिवशी ते डॉक्टर दुसरीकडे व्हिजिटला गेलेले. सहा जण आठवड्यातल्या ठरावीक वारीच एमआरना भेटणारे. त्या वारी ती दोनदा मॅनेजरबरोबर जॉइंट वर्कला दुसऱ्या रूटवर होती. चार रजेवर किंवा बाहेरगावी. “आणि तीन जण आता कुणालाच भेटत नाहीत, सर. त्यांना यादीतून काढा म्हणून लिहून दिलंय, अजून काढलं नाहीये.”

नऊ, सहा, चार, तीन. बावीस. मी रेझ्युमेच्या कडेला लिहून पाहिलं, तर ती जरा हसली.

आउटस्टेशनला आठच का, हेही विचारायलाच हवं होतं. मधुमेहाचे फिजिशियन आता लहान गावांतही बसतात आणि रिकाम्या टेरिटरीत आउटस्टेशनचे दिवस कमी नाहीत. तिचं गणित सरळ होतं. सकाळी पोहोचेपर्यंत साडेदहा-अकरा. दुपारी क्लिनिक बंद. रात्रीचा मुक्काम असेल तर संध्याकाळची वेळ पूर्ण मिळते, नसेल तर परतीच्या गाडीसाठी सातलाच उठावं लागतं. मुक्कामाच्या दिवशी दहा होतात, बिनमुक्कामाच्या दिवशी सहा-सात. आठ ही त्यांची सरासरी. तिचा टूर प्रोग्रॅम मागवून पाहिला असता तरी हेच दिसलं असतं, पण तो त्या कंपनीचा कागद. उमेदवाराकडे मागायचा नसतो, मागूही नये. डॉक्टरांची नावं असलेली यादी कुणी आपण होऊन दाखवायला लागलं तर मी तिथेच थांबवतो. आज दुसऱ्यांची यादी आमच्यासमोर ठेवणारा उद्या आमची कुणासमोर ठेवेल?

इथपर्यंत दहावाली पुढे होती. पण तिसरा रकाना शिल्लक होता, प्रॉडक्ट कॅटेगरी, आणि तिथे ती चांगलीच मागे होती. बारावाला मधुमेहाच्या औषधांतला. ही पोटाच्या विकारांच्या औषधांतली: पँटोप्राझोल, त्याची डॉमपेरिडोनबरोबरची जोडी, एक अँटिबायोटिक, आणि यकृताच्या विकारांसाठी अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड.

बाहेरच्या माणसाला वाटतं औषध ते औषध. पण अ‍ॅक्यूट आणि क्रॉनिक या दोन कामांत फार अंतर आहे. अँटिबायोटिकचा कोर्स पाच-सात दिवसांत संपतो. डॉक्टरांच्या समोर रोज नवा रुग्ण येतो, म्हणून आज छान डिटेलिंग झालं तर उद्याच चार चिठ्ठ्या पडू शकतात आणि पुढच्या आठवड्यात दुसरा एमआर त्या तितक्याच सहज घेऊन जाऊ शकतो. मधुमेहाचा रुग्ण एकाच गोळीवर वर्षानुवर्षं असतो. त्याची साखर आटोक्यात असेल तर कुठलाही शहाणा डॉक्टर केवळ तुमच्या सांगण्यावरून त्याची गोळी बदलणार नाही, आणि बदलूही नये. तुम्हाला मिळतो तो नव्याने निदान झालेला रुग्ण, किंवा ज्याची साखर मेटफॉर्मिनवर आता पुरेशी राहत नाही आणि दुसरं औषध जोडायचं आहे असा. म्हणून विक्री हळू चढते, पण चढलेली सहसा उतरत नाही. अ‍ॅक्यूटमधून आलेल्या माणसाला पहिले काही महिने आपण नापास होतोय असंच वाटतं. काही जण त्यातच सोडून जातात.

तर ओळख तपासायची कशी? रेझ्युमेत रेणूंची नावं लिहिलेली असणं म्हणजे ओळख नव्हे. बारावाल्याने सगळी लिहिली होती: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन. मी कधी व्याख्या विचारत नाही. डॉक्टर क्लिनिकमध्ये जे विचारतात तेच विचारतो. त्याला म्हटलं, “डॉक्टर म्हणतात, ‘तुमचं डापाग्लिफ्लोझिन लिहिलं, बाई पंधरा दिवसांत खाज येते म्हणून परत आल्या. मी कशाला लिहू?’ तुम्ही काय सांगाल?”

हे औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, म्हणून जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, तो मान्य करायचा. मग रुग्णाला स्वच्छतेविषयी आधीच काय सांगावं, कुणामध्ये जपून वापरावं, आणि ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या दृष्टीने फायदा आहे अशा रुग्णांचा विचार कसा करावा, हे बोलायचं. बारावाल्याने हृदयाच्या फायद्याचं पान उघडलं, तोंडपाठ, एकही शब्द न चुकता. खाजेबद्दल एक वाक्य बोलला नाही. मी प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा तेच पान. औषधाची माहिती त्याला होती. डॉक्टरांची तक्रार मात्र त्याने ऐकलीच नाही.

दहावालीला हा प्रश्न विचारून उपयोग नव्हता. तिच्या औषधावरचा विचारला. “अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड महाग पडतं आणि महिनोन्‌महिने घ्यावं लागतं. रुग्ण दोन महिन्यांत सोडून देतो. डॉक्टर म्हणतात, उपयोग काय?”

ती म्हणाली, “हे मला बरेच डॉक्टर म्हणायचे, सर. मी त्यांना जुने रुग्ण बदला असं कधीच म्हटलं नाही. ज्यांचं यकृताचं निदान नवीन आहे आणि जे पुढच्या तपासणीला येणार आहेत, असे दोन रुग्ण निवडा, एवढंच. तपासणीची तारीख मी माझ्या डायरीत लिहायचे आणि त्यानंतरच्या आठवड्यात भेट ठेवायचे. सोडून दिलं असेल तर का सोडलं ते विचारायचे. कधी कधी औषध केमिस्टकडेच नसायचं. आरसीपीए केल्यावर ते कळायचं.”

आरसीपीए म्हणजे केमिस्टच्या काउंटरवर बसून कुठल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कुठला ब्रँड जातो ते टिपणं. कंटाळवाणं काम आहे, बरेच जण घरी बसून भरतात. तिला मात्र तिच्या भागातल्या काउंटरवर स्पर्धकांचे कुठले ब्रँड पुढच्या कप्प्यात असतात आणि कुठले मागवून द्यावे लागतात हे माहीत होतं.

आता माझ्यापुढचा पेच असा. कॅटेगरीच्या रकान्यात सरळ शेरा मारायचा तर तिला ‘नाही’ आणि त्याला ‘आहे’. पण या एका रकान्यात दोन गोष्टी कोंबल्या आहेत असं मला फार दिवसांपासून वाटतं. एक म्हणजे रेणूचं ज्ञान: मूत्रपिंडाचं काम मंदावलेल्या रुग्णात सिटाग्लिप्टिनचा डोस कमी करावा लागतो आणि लिनाग्लिप्टिनचा नाही, ग्लिमेपिराइडने साखर फार खाली जाण्याची भीती असते, ग्लिप्टिन एकटं दिलं तर ती कमी. हे इंडक्शन ट्रेनिंगमध्ये शिकवता येतं. आमचे ट्रेनर बीएस्सी झालेल्या पोरांनाही शिकवतात. दुसरी म्हणजे दीर्घकाळच्या औषधाचं प्रिस्क्रिप्शन कसं येतं, डॉक्टर कुठे अडतात, कुठल्या रुग्णापासून सुरुवात करतात, याची जाण. ती वर्गात येत नाही. बारावाल्याकडे पहिली गोष्ट होती. दहावालीकडे दुसरी, तीही एका वेगळ्याच आजारातून आलेली.

शिवाय तिच्या रेझ्युमेतली एक ओळ मी आधी नुसती वाचून पुढे गेलो होतो: “१८५ पैकी ३८ एमडी मेडिसिन.” पोटाची औषधं लिहिणारा फिजिशियनच मधुमेहही बघतो. आमची टेरिटरी तिच्या जुन्या टेरिटरीपासून दूर आहे, त्यामुळे तेच डॉक्टर नाहीत. पण त्या जातीच्या क्लिनिकमध्ये कसं थांबायचं, रिसेप्शनवर काय बोलायचं, फिजिशियनला दोन मिनिटांत काय सांगितलेलं चालतं आणि काय चालत नाही, हे तिला नव्याने शिकायचं नव्हतं. ‘२०० डॉक्टर’ लिहिणाऱ्या रेझ्युमेत स्पेशालिटीची फोड नसेल तर मी ती मागून घेतो. दोनशेंत दीडशे दंतवैद्य आणि बालरोगतज्ज्ञ असतील तर आमच्या दृष्टीने ती यादी पन्नासचीच.

मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं विचारायची पद्धत आहे. बहुतेक जण इन्सेंटिव्हचं विचारतात, आणि त्यात वावगं काही नाही. तिने विचारलं, “सर, तुमच्या १९० मध्ये न भेटणारे किती आहेत?”

मला आकडा ठाऊक नव्हता. टेरिटरी रिकामी असताना यादीला कुणी हात लावत नाही. जॉइंट वर्कला कुणी नसतं, मी स्वतः फक्त कोअरकडे जात होतो. त्या संध्याकाळी बसून यादी चाळली, शेजारच्या टेरिटरीच्या एमआरला आणि दोन स्टॉकिस्टना फोन केले. चौदा नावं निघाली: काहींनी प्रॅक्टिस बंद केलेली, काही दुसरीकडे गेलेले, काही एमआरना भेटायचं पूर्ण थांबवलेले. कोअरमधलं त्यात कुणी नव्हतं. म्हणजे यादी खरी १७६ ची. कोअरच्या १०० भेटी आणि उरलेल्या १२६, एकूण २२६. भागिले २२, सव्वादहा.

ज्या अकराने तिला गाळलं होतं तो अकरा त्या चौदा मेलेल्या नावांवर उभा होता.

एचआरला पाठवलेल्या टिपणात मी तिन्ही रकाने वेगवेगळे भरले. कव्हरेज: ८८ टक्के, आकडे आपापसात जुळतात, हुकलेल्या भेटींची कारणं सांगता येतात. कॉल: एचक्यूला ११, आउटस्टेशनला ८, आमच्या दुरुस्त यादीला सव्वादहा लागतात, मुक्कामाचे दिवस टूर प्रोग्रॅममध्ये वाढवले तर गाठता येईल. कॅटेगरी: मधुमेहाचे रेणू येत नाहीत, पूर्ण इंडक्शन आणि पहिली सायकल माझ्यासोबत जॉइंट वर्क हवं, क्रॉनिक प्रिस्क्रिप्शनची समज आहे. खाली शिफारस. त्यासोबत चौदा नावं काढण्याचा अर्जही जोडला, कारण ती तशीच राहिली तर येणारी बाई पहिल्याच महिन्यात कव्हरेजमध्ये नापास दिसेल.

बारावाल्याचा रेझ्युमे मी हॉस्पिटल विभागाच्या मॅनेजरकडे सरकवला. तिथे ग्रुप कॉल हेच काम आहे. युनिटचा राउंड कधी संपतो, फार्मसीच्या खरेदी समितीसमोर काय न्यायचं, रेसिडेंट बदलले की पुन्हा सुरुवात कुठून करायची, हे बारावाल्याला आमच्यातल्या कुणाहीपेक्षा बरं येत असावं. त्याला फक्त सांगितलं की रेझ्युमेत कॉल अ‍ॅव्हरेज लिहिताना वैयक्तिक आणि ग्रुप असे दोन आकडे वेगळे लिही, आणि रेसिडेंट किती ते यादीत वेगळे दाखव. तो म्हणाला, असं आजवर कुणी मागितलंच नाही.

एचआरने कटऑफ या एका जागेपुरता शिथिल केला. पुढच्या रिकाम्या टेरिटरीसाठी पुन्हा अकराच आहे. त्या टेरिटरीची यादी मी आता रेझ्युमे यायच्या आधी चाळायला घेतली आहे.